अरबी वाक्यातली उधारी: शब्द येतात, तरी वाक्य का लागत नाही

अरबी शिकायला लागून दोन-अडीच वर्षं झाली की एक विचित्र अवस्था येते. वहीत दोनेक हजार शब्द जमलेले असतात, छोटे संवाद समजतात, मथळे लागतात. मग वर्तमानपत्रातला एक परिच्छेद उघडावा, तर त्यातले जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे आणि वाक्याचा अर्थ मात्र शून्य. माझं यात वर्षभर गेलं. त्या वर्षात मी जे केलं तेच बहुतेक जण करतात: आणखी शब्द पाठ केले. त्याने वाक्य लागलं नाही, फक्त न लागणाऱ्या वाक्यातले ओळखीचे शब्द वाढले.

मराठी माणसाला तर हा चकवा जास्तच बसतो, कारण अरबीचे शब्द आपल्याकडे आधीच भरपूर आहेत. खाली एक वाक्य देतो. बातमी खरी नाही, वाक्य मी रचलंय. पण अरबी वर्तमानपत्रात रोज छापून येतं त्याच घडणीचं आहे. अरबी उच्चार देवनागरीत लिहिलाय:

अअ्लन वझीर अझ्-झिराआ अन्न अल्-लज्ना अल्लती शक्कलत्हा अल्-विझारा लि-दिरासत अस्बाब इन्खिफाद इन्ताज अल्-कम्ह फी अल्-मुहाफझात अश्-शमालिय्या व-तअसीरिह अला अस्आर अल्-खुब्झ सतुकद्दिम तक्रीरहा अन्-निहाई इला मज्लिस अल्-वुझरा कब्ल निहायत अश्-शह्र.

अरबी लिपीत हे 29 शब्द होतात. वझीर म्हणजे आपला वजीर, इथे मंत्री. झिराआ म्हणजे शेती. आपल्या सातबाऱ्यातली जिरायत तिथूनच आली. अस्बाब हे सबबचं अनेकवचन, म्हणजे कारणं (आपण ‘सामान-असबाब’ म्हणतो तो शब्द हाच, अर्थ प्रवासात बदलला). मज्लिस ओळखीची. लज्ना म्हणजे समिती, कम्ह म्हणजे गहू, खुब्झ म्हणजे पाव-भाकरी, तक्रीर म्हणजे अहवाल. एवढं सांगितल्यावर कच्चा शब्द फारसा उरत नाही.

आता मी पहिल्यांदा अशा वाक्याचा जो अर्थ लावला असता, तो बघा: ‘कृषिमंत्र्यांनी जाहीर केलं की समितीने मंत्रालय स्थापन केलं, गव्हाच्या उत्पादनाचा अभ्यास वगैरे, आणि पावाच्या किमती आपला अंतिम अहवाल मंत्रिमंडळाला सादर करतील.’ समितीने मंत्रालय काढलं आणि किमती अहवाल देतायत. गंमत म्हणजे या भाषांतरात एकही शब्द चुकीचा नाही.

चूक होते ती कानाच्या सवयीमुळे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि कोणी काय केलं हे नामाला चिकटलेले प्रत्यय सांगतात. ‘मंत्रालयाने समिती नेमली’ आणि ‘समिती मंत्रालयाने नेमली’, क्रम बदला, ‘ने’ जागेवर आहे तोवर अर्थ ढळत नाही. अरबीतही असे प्रत्यय आहेत. कर्ता ‘अल्-विझारतु’, कर्म ‘अल्-विझारत’, आणि षष्ठीत किंवा शब्दयोगी अव्ययानंतर ‘अल्-विझारति’. पण बहुतेक शब्दांत हा फरक शेवटच्या ऱ्हस्व स्वराचा असतो आणि छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. कुराणात आणि बालवाचनात ते असतात, वर्तमानपत्रात नसतात. म्हणजे ‘ने’, ‘ला’, ‘चा’ पुसून टाकलेलं मराठी वाक्य वाचायला घ्यावं तसं ते होतं.

मग अरब वाचक कसा वाचतो? मला हे एका वयस्क उस्तादांनी दाखवलं. त्यांनी माझा शब्दकोश मिटला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, “अर्थ राहू दे. मला फक्त सांग, या वाक्याने कुठे उधारी केलीय आणि ती कुठे फेडलीय.”

उधारी हा शब्द मला अजून पुरतोय. अरबी वाक्यात काही शब्द असे असतात की ते आले की पुढे काहीतरी यावंच लागतं. ते कधी पुढच्याच शब्दाला येतं, कधी पंधरा शब्दांनी. शिकणाऱ्याचा गोंधळ होतो तो मधल्या अंतरात, कारण उधारी आठवणीतून गेलेली असते.

या वाक्यातला मोठा उधारदार आहे ‘अन्न’, चौथा शब्द. ढोबळमानाने आपला ‘की’. पण मराठीतला ‘की’ मोकळा असतो, अन्न तसा नाही. त्याच्यानंतर आधी एक नाम यावं लागतं आणि मग त्या नामाबद्दल एक विधान यावं लागतं. अरबी व्याकरणात त्या विधानाला चक्क ‘खबर’ म्हणतात. आपण रोज वापरतो तोच शब्द, आणि अर्थही फार लांबचा नाही: समितीची खबर काय? अन्न अल्-लज्ना, ‘की समिती…’ इथे उधारी झाली. समितीने काय केलं किंवा ती काय करणार, हे कळेपर्यंत खातं उघडं.

पुढचा शब्द ‘अल्लती’, म्हणजे ‘जी’. ही उधारीच्या पोटातली दुसरी उधारी. तिची फेड काय असते? आपण म्हणतो, ‘जी समिती मंत्रालयाने नेमली, ती अहवाल देईल.’ आपला ‘ती’ पोटवाक्य संपल्यावर येतो. अरबीतला ‘ती’ पोटवाक्याच्या आतच बसतो, क्रियापदाला किंवा अव्ययाला चिकटून: शक्कलत्-हा. शब्दशः ‘समिती, जी नेमली तिला मंत्रालयाने’. या ‘हा’ला अरबी व्याकरणकार ‘आइद’ म्हणतात, म्हणजे परत येणारा. तो परत कोणाकडे जातो? समितीकडे. समिती जर ‘हा’मध्ये बसली, म्हणजे ती कर्माच्या जागी आहे, तर नेमणारं कोणीतरी दुसरं हवं. ते लगेच पुढे उभं आहे: अल्-विझारा.

हाच ‘हा’ काढून टाका: अल्लती शक्कलत अल्-विझारा. आता अर्थ होतो ‘जिने मंत्रालय स्थापन केलं ती समिती’. माझी मघाची चूक इथलीच, मी ‘हा’ वाचलाच नव्हता. क्रियापदाच्या लिंगावरून मदत मिळेल म्हणावं, तर समिती आणि मंत्रालय दोन्ही अरबीत स्त्रीलिंगी. सगळा निवाडा त्या एका चिकटलेल्या सर्वनामावर. म्हणून ‘अल्लती’ किंवा तिचं पुल्लिंगी रूप ‘अल्लझी’ दिसलं की मी आजही पेन्सिलीने कंस उघडतो आणि परत येणारा सापडेपर्यंत अर्थाकडे बघत नाही. एक अपवाद लक्षात ठेवायचा: समितीच कर्ता असेल, तर परत येणारा क्रियापदाच्या रूपात लपलेला असतो, वेगळा दिसत नाही. म्हणजे कंसात ‘हा’ किंवा पुल्लिंगी ‘हू’ नाही मिळाला, तर आधी समजायचं की मागचं नाम स्वतःच काम करतंय.

तर दोन खाती उघडी, त्यातलं लहान, सर्वनामाचं, फिटलं. पण कंस अजून बंद झालेला नाही. मंत्रालयाने समिती नेमली ती कशासाठी, हे सांगणारा ‘लि-’ आला आणि त्याच्यामागे नामांची आगगाडी: दिरासत अस्बाब इन्खिफाद इन्ताज अल्-कम्ह. पाच नामं, मध्ये एकही जोडशब्द नाही. याला अरबीत इदाफा म्हणतात, आणि मराठी वाचकासाठी त्याची युक्ती इतकी सोपी आहे की ती मला कोणी पहिल्याच वर्षी का सांगितली नाही असं वाटतं: शेवटच्या डब्यापासून उलटं वाचायचं आणि प्रत्येक सांध्यात ‘चा-ची-चे’ घालायचं. कम्ह, इन्ताज, इन्खिफाद, अस्बाब, दिरासत. गव्हाच्या उत्पादनाच्या घटीच्या कारणांचा अभ्यास. मराठी षष्ठीची साखळी म्हणजे अरबी साखळीचं आरशातलं रूप.

गाडी संपली हे कशावरून ओळखायचं? डब्यांना ‘अल्’, म्हणजे नाम निश्चित असल्याची खूण, लागत नाही, फक्त शेवटच्याला लागतो. दिरासत, अस्बाब, इन्खिफाद, इन्ताज, सगळे बोडके. अल्-कम्ह आला की संपलं. कधी शेवटच्या डब्याला ‘अल्’ऐवजी चिकटलेलं सर्वनाम असतं, कधी तिथे विशेषनाम असतं, कधी पूर्ण साखळीच अनिश्चित असते आणि कुठेच ‘अल्’ नसतो. पण बातमीच्या भाषेत ‘अल्’ची खूण बहुतेक वेळा चालते. साखळी संपली की ते सगळं मिळून एकच नाम समजायचं आणि डोक्यात एकच जागा द्यायची. पाच जागा दिल्या की पुढचं काही ठेवायला जागा उरत नाही. माझी दमछाक खरी तिथे व्हायची.

मग ‘फी अल्-मुहाफझात अश्-शमालिय्या’, उत्तरेकडच्या प्रांतांमध्ये. इथे एकच गोष्ट टिपून ठेवा: प्रांत हे निर्जीव अनेकवचन, आणि अरबी अशा अनेकवचनाला व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागवते. म्हणून विशेषण ‘शमालिय्या’. हे पुढे दगा देणार आहे.

आता ‘व-तअसीरिह’. व म्हणजे आणि. अरबीत ‘व’ फार स्वस्त आहे. परिच्छेदाची सुरुवात ‘व’ने होते, तिथे तो जवळपास पूर्णविरामाचं काम करतो आणि भाषांतरात गाळला तरी चालतो. पण वाक्याच्या मध्ये आलेला ‘व’ जोडीदार मागतो, आणि जोडीदार त्याच जातीचा लागतो: नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद. तअसीर, म्हणजे परिणाम, हे नाम आहे. मागे जाऊन विचारायचं, परिणामाची जोडी कोणाशी जमते? गव्हाशी नाही, प्रांतांशी नाही. अभ्यास कशाचा, तर कारणांचा आणि परिणामाचा. जोडीदार सापडला: अस्बाब, मागे सात शब्दांवर. त्याला चिकटलेला ‘ह’ पुल्लिंगी एकवचनी आहे. तो अस्बाबकडे जाऊ शकत नाही, कारण निर्जीव अनेकवचनाला ‘हा’ लागला असता. घट, उत्पादन आणि गहू तिन्ही पुल्लिंगी, व्याकरण इथे हात वर करतं. प्रसंग सांगतो की परिणाम घटीचा. असं होतं. प्रत्येक वेळी व्याकरणच निकाल देईल अशी अपेक्षा ठेवली तर वाचन तिथेच अडून राहतं.

तअसीरच्या मागोमाग ‘अला’ हवाच, तो आला: अला अस्आर अल्-खुब्झ, पावाच्या किमतींवर. (जुन्या वळणाचे लोक तअसीरनंतर ‘फी’ लिहा म्हणून आग्रह धरतात. वर्तमानपत्रं ऐकत नाहीत.)

आणि आता सगळ्या वाक्याचा खिळा: ‘सतुकद्दिम’. स म्हणजे भविष्यकाळ, तु म्हणजे इथे तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचन. ‘सादर करील’. कोण? लगेच मागे ‘अस्आर’, किमती, निर्जीव अनेकवचन, म्हणजे व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचन, चालतंय. प्रांतही चालतात. मंत्रालय चालतं. समितीही. उमेदवार बरेच, आणि लिंगवचन सगळ्यांचं जुळतं. ‘जवळचं नाम पकड’ या सवयीने मी किमतींना अहवाल द्यायला लावलं होतं.

इथे खातेवही उघडायची. किमतींची कोणाकडे उधारी आहे का? नाही, त्या ‘अला’नंतर आल्या आणि त्यांचं काम झालं. प्रांत ‘फी’नंतर, त्यांचं झालं. मंत्रालय ‘शक्कलत्हा’चं कर्ता, त्याचंही झालं. एकच खातं उघडं आहे, पाचव्या शब्दापासून: अन्न अल्-लज्ना… खबर. मध्ये 15 शब्द गेले आणि 21व्या शब्दाला खबर आली. समिती सादर करील. ज्या क्षणी हे जुळतं, त्याच क्षणी अल्लतीचा कंसही ‘अल्-खुब्झ’नंतर आपोआप बंद होतो. अरबी कंसाला शेवटाची खूण नसते. बाहेरच्या उधारीची फेड आली, म्हणजे आतलं पोटवाक्य संपलं, एवढीच खूण.

पेन्सिलीचं काम संपल्यावर कागद असा दिसतो:

अअ्लन वझीर अझ्-झिराआ अन्न अल्-लज्ना [अल्लती शक्कलत्हा अल्-विझारा (लि-दिरासत अस्बाब … व-तअसीरिह अला अस्आर अल्-खुब्झ)] सतुकद्दिम तक्रीरहा …

पुढचं सोपं. ‘तक्रीरहा अन्-निहाई’, तिचा अंतिम अहवाल. ‘निहाई’ पुल्लिंगी, म्हणून तो अहवालाचा, समितीचा नाही. ‘कद्दम’ या क्रियापदाला कोणाला दिलं ते सांगणारा ‘इला’ लागतो, तो आला: मंत्रिमंडळाला, महिनाअखेरीच्या आत. मराठीत: ‘गव्हाच्या उत्पादनात उत्तरेकडच्या प्रांतांत झालेल्या घटीची कारणं आणि तिचा पावाच्या किमतींवरचा परिणाम अभ्यासण्यासाठी मंत्रालयाने नेमलेली समिती महिनाअखेरीपूर्वी मंत्रिमंडळाला अंतिम अहवाल सादर करील, असं कृषिमंत्र्यांनी जाहीर केलं.’ अरबीचा पहिला शब्द मराठीत शेवटी पोचला. आपल्या वर्तमानपत्रांचं ‘असे मंत्र्यांनी सांगितले’ म्हणजे अरबी बातमीची सुरुवात.

वाक्य खरंच लागलं की नुसतं अंदाजाने जुळवलं, हे तपासायची जुनी रीत आहे: शेवटचे स्वर लावून मोठ्याने वाचायचं. ‘अन्नल् लज्नत… शक्कलत्हल् विझारतु… व-तअसीरिहि…’ विझारतु म्हणालात, म्हणजे नेमणारं मंत्रालय आहे हे तुम्ही ठरवलंत. तअसीरिहि म्हणालात, म्हणजे अस्बाबिशी जोडी लावलीत; ‘तअसीरुहु’ निघालं तोंडातून, तर तुम्ही ‘व’च्या पुढे नवं वाक्य सुरू केलंय. स्वर लावताना जिथे जीभ अडखळते, तिथेच अर्थ डळमळीत असतो. नुसतं मनात वाचून हे कळत नाही, कारण मन अडचणीवरून उडी मारतं.

सरावासाठी मी नवे उतारे शोधत बसलो नाही, एकच वाक्य आधी सोलायचो आणि मग फुगवायचो. वरच्या 29 शब्दांचा सांगाडा सहा शब्दांचा आहे: अअ्लन वझीर अन्न अल्-लज्ना सतुकद्दिम तक्रीरहा. हे म्हणून बघायचं. मग फक्त ‘अल्लती शक्कलत्हा अल्-विझारा’ घालून पुन्हा म्हणायचं. मग ‘लि-दिरासत अस्बाब इन्खिफाद इन्ताज अल्-कम्ह’ घालायचं. प्रत्येक वेळी लज्ना आणि सतुकद्दिम यांच्यातलं अंतर वाढतं, आणि ते ताणलेलं अंतर धरून ठेवायची कानाला सवय होते. दिवसाला एक वाक्य, वीस मिनिटं. तीनेक आठवड्यांनी पेन्सिल न उचलता अन्न दिसल्यावर डोळे आपसूक खबर शोधायला लागले.

शब्दांची वहीही बदलावी लागली. पूर्वी मी लिहायचो: ‘अद्दा: घडवून आणणे’. मग हे वाक्य समोर येई: अद्दा इन्खिफाद इन्ताज अल्-कम्ह फी अल्-मुहाफझात अश्-शमालिय्या इला इर्तिफाअ अस्आर अल्-खुब्झ. सहा शब्दांनंतर आलेला ‘इला’ मी ‘प्रांतांकडे’च्या आसपास कुठेतरी चिकटवायचो. खरं तर तो अद्दाची फेड आहे: ‘अद्दा … इला’, अमुक गोष्टीमुळे तमुक झालं. घटीमुळे पावाच्या किमती वाढल्या. आता वहीत क्रियापद एकटं लिहीत नाही, मध्ये रिकामी जागा सोडून त्याचं अव्यय लिहितो. कारण अव्यय बदललं की अर्थ पालथा होतो: ‘रगिब फी’ म्हणजे हवंसं वाटणं, ‘रगिब अन’ म्हणजे नकोसं वाटून तोंड फिरवणं.

‘अन्न’बद्दल एक खुलासा. छापील अरबीत ‘अन्न’ आणि ‘अन’ सारखेच दिसतात, आणि दोघांची उधारी वेगळी. पुढे नाम किंवा सर्वनाम आलं तर तो अन्न, खबर मागणारा. पुढे वर्तमान रूपातलं क्रियापद आलं तर तो ‘अन’, ‘करणं’ किंवा ‘करावं’ असा अर्थ देणारा, आणि त्याची फेड ते क्रियापदच करतं. ‘काल’, म्हणजे म्हणाला, या क्रियापदानंतर मात्र ‘इन्न’ येतो. उधारी तीच, फक्त अलिफ या अक्षराच्या खाली हम्झाची खूण.

या सगळ्यात एक जागा मला अजूनही फसवते, आणि ती उधारीची खूणच नसलेली जागा आहे. वरच्या वाक्यात समितीला ‘अल्’ होता, म्हणून ‘अल्लती’ आला. समिती अनिश्चित असेल, ‘एक समिती’, तर अरबी ‘जी’ गाळूनच टाकते: लज्ना शक्कलत्हा अल्-विझारा. शब्दशः ‘समिती नेमली तिला मंत्रालयाने’, अर्थ ‘मंत्रालयाने नेमलेली एक समिती’. कंस उघडला, पण दार वाजलं नाही. वाचणारा इथे हमखास नवं वाक्य सुरू करतो आणि मग पुढे एक क्रियापद अनाथ उरतं. तसं अनाथ क्रियापद सापडलं की मी पुढे जात नाही. मागे येऊन ‘अल्’ नसलेलं नाम शोधतो, ज्याच्या अंगाला लागून क्रियापद आहे आणि त्या क्रियापदाच्या शेपटीला ‘हा’ किंवा ‘हू’ आहे. बहुतेक वेळा कंस तिथेच उघडलेला असतो.